गुंठ्याचा योग्य भाव कसा काढायचा? रेडी रेकनर आणि शेजारचे व्यवहार

नमस्कार मंडळी. २०२५ मध्ये सरकारने तुकडेबंदी शिथिल करण्याची घोषणा केली, आणि तेव्हापासून कमेंटमध्ये एकच प्रश्न सारखा येतोय: "दादा, आमच्याकडे गुंठ्याला अमुक लाख सांगतायत, बरोबर आहे का?" मला तुमचं गाव माहीत नाही, रस्ता माहीत नाही, त्यामुळे मी आकडा सांगू शकत नाही. पण तो आकडा तुम्ही स्वतः कसा काढायचा ते सांगतो. घरबसल्या जमतं, एक सुट्टीचा दिवस पुरतो.

सुरुवातीचं पटकन सांगतो, बहुतेकांना माहीत आहे. एक गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १०८९ चौरस फूट. चौरस मीटरमध्ये १०१.१७. चाळीस गुंठ्यांचा एकर. रेडी रेकनर म्हणजे नोंदणी व मुद्रांक विभागाचा वार्षिक मूल्य दर तक्ता. igrmaharashtra.gov.in वर जायचं, e-ASR उघडायचं, जिल्हा, तालुका, गाव निवडायचं, दर समोर येतो. बिनशेती प्लॉटचा दर चौरस मीटरला असतो, शेतजमिनीचा हेक्टरला. बिनशेतीचा दर गुणिले १०१.१७ केलं की गुंठ्याचा सरकारी दर मिळाला. शेतीच्या ओळीतला दर घेऊन बिनशेती प्लॉटचा भाव काढू नका, एवढं सांभाळा.

आता इथपर्यंत सगळे येतात आणि इथेच थांबतात. "रेकनर तीन लाख आहे, म्हणजे दुप्पट धरा, सहा लाख." का दुप्पट? कुणी सांगितलं? एका गावात बाजार रेकनरच्या तिप्पट असतो, आणि त्याच तालुक्यात आत, रस्ता नसलेल्या जमिनीला रेकनरएवढंसुद्धा गिऱ्हाईक मिळत नाही. हे पट तुमच्या गावातल्या खऱ्या व्यवहारांतून काढायचे असतात, एजंटच्या तोंडून नाही.

व्यवहार कुठे बघायचे? freesearchigrservice.maharashtra.gov.in. इथे नोंदलेल्या दस्ताची सूची क्रमांक दोन, म्हणजे आपण ज्याला इंडेक्स टू म्हणतो ती फुकट दिसते. अडचण एवढीच की गट नंबर टाकावा लागतो, नुसतं गाव टाकून यादी येत नाही. म्हणून आधी महाभूनकाशावर तुमच्या प्लॉटचा गट शोधा आणि त्याला लागून असलेले आठ-दहा गट कागदावर लिहून घ्या. 'आपली चावडी' या सरकारी साइटवर त्या गावाचे चालू फेरफार दिसतात, तिथून नुकतीच खरेदी झालेले गटही मिळतात. मग एकेक गट, तीन वर्षांसाठी.

आता माझ्याकडे लक्ष द्या, कारण आजचा व्हिडिओ खरं तर या एका गोष्टीसाठी आहे.

इंडेक्स टू उघडली की वरच दोन आकडे दिसतात. रकाना दोन, मोबदला. रकाना तीन, बाजारभाव. लोक "बाजारभाव" वाचतात आणि तोच आकडा वहीत लिहितात. तो बाजारातला भाव नाही! तो रेडी रेकनरने काढलेला सरकारी मूल्यांकनाचा आकडा आहे. तुम्ही e-ASR वर जो दर बघितला तोच इथे क्षेत्राने गुणून परत आलाय. म्हणजे तुम्ही रेकनर रेकनरशीच ताडून बघताय, आणि मग कमेंट येते, "दादा, आमच्याकडे सगळे व्यवहार रेकनरनेच होतात." घेणाऱ्याने देणाऱ्याला किती दिले, ते रकाना दोनमध्ये लिहिलेलं असतं.

आणि रकाना दोनसुद्धा आंधळेपणाने घ्यायचा नाही. समजा बाजारभाव १४,५०,००० आहे आणि मोबदला १४,५१,०००. दोन्ही आकडे चिकटून आहेत. असा दस्त भावाबद्दल काहीच सांगत नाही. वकिलाने सरकारी मूल्यांकन काढलं, वर हजार रुपये चढवले आणि तोच मोबदला लिहिला. मी अशा दस्ताला मुका दस्त म्हणतो. याउलट बाजारभाव ११,६०,००० आणि मोबदला २६,००,०००, हा दस्त बोलतोय. कारण २६ लाख हा आकडा कुठल्याही तक्त्यातून येत नाही, तो दोन माणसांनी बसून ठरवलेला आहे.

मुके दस्त का होतात? मुद्रांक शुल्क दोन्हींपैकी जो आकडा जास्त त्यावर लागतं. रेकनरच्या खाली मोबदला लिहून शुल्क वाचत नाही, आणि फरक मोठा असेल तर आयकर खातंही विचारतं. म्हणून लोक रेकनरला टेकून लिहितात आणि वरची रक्कम रोखीत फिरवतात. जमिनीच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्याने मना आहे, तरी हे चालतं. याचा आपल्या हिशेबावर थेट परिणाम होतो: बोलणाऱ्या दस्तातही थोडी रक्कम दडलेली असू शकते. त्यामुळे रकाना दोनमधून निघणारा भाव हा "किमान एवढा" असा वाचायचा.

मग कोणता दस्त जास्त भरवशाचा, हे कसं ओळखायचं? त्याच गटात, त्याच घेणाऱ्याच्या नावावर, खरेदीच्या आसपासच्या तारखेला गहाणखत किंवा नोटीस ऑफ इंटिमेशन नोंदलेली आहे का बघा. असेल तर त्याने कर्ज काढलंय. कर्ज हवं असणाऱ्याला दस्तात खरी रक्कम दाखवावी लागते, नाहीतर बँक तेवढं कर्ज देत नाही. असा एक दस्त मला पाच मुक्या दस्तांपेक्षा मोलाचा वाटतो.

मागच्या व्हिडिओवर एका शेतकरी भावाची कमेंट होती, की त्यांच्याकडून रस्त्यासाठी जमीन गेली आणि मोबदला फार कमी बसला. त्यात हीच गोष्ट आहे बघा. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात बाजारमूल्य काढताना मुद्रांकाचा दर एका बाजूला आणि आसपासच्या मागच्या तीन वर्षांतल्या खरेदीखतांची सरासरी दुसऱ्या बाजूला ठेवतात, आणि जास्त असेल ते घेतात. सरासरीसाठी सुद्धा जास्त किमतीचे निम्मेच दस्त धरतात. म्हणजे आपण आज जे करतोय, जवळपास तीच पद्धत. पण गावातल्या सगळ्यांनी मुके दस्त केले असतील तर वरचे निम्मे दस्तसुद्धा मुकेच! खरी किंमत सगळ्या गावाला माहीत असते, पण कागदावर कुठेच नसते. मला याचं फार वाईट वाटतं, कारण दस्त करताना चार पैसे वाचवणारा एक असतो आणि नुकसान त्याच्या शेजाऱ्याचं होतं.

आता एक उदाहरण करून बघू. साताऱ्याकडचं एक गाव धरा, आकडे मी हिशेबाला सोपे घेतलेत. मंजूर रेखांकनातला बिनशेती प्लॉट आहे. एजंट सांगतो पाच गुंठे, नऊ लाख गुंठा, एकूण ४५ लाख. रेकनर २,९०० रुपये चौरस मीटर, म्हणजे गुंठ्याला साधारण २ लाख ९३ हजार.

आसपासच्या गटांत तीन वर्षांत सहा खरेदीखतं सापडली. तीन मुकी निघाली, बाजूला ठेवली. राहिली तीन. पहिलं ४०० चौरस मीटर, २६ लाख: चौरस मीटरला ६,५००. दुसरं २५० चौरस मीटर, १५ लाख: चौरस मीटरला ६,०००. त्याला बँकेची नोटीसही जोडलेली. तिसरं ३५० चौरस मीटर, ३५ लाख: चौरस मीटरला १०,०००. हे तिसरं एजंट तुम्हाला नक्की दाखवेल. पण रकाना चारमधलं मिळकतीचं वर्णन वाचा, तिथे लिहिलंय "प्लॉट व त्यावरील घर". घराची किंमत त्यात आहे, म्हणून ते आपल्या कामाचं नाही. वर्णन न वाचता नुसते आकडे उचलणाऱ्यांचा हिशेब असाच फुगतो. बक्षीसपत्र आणि हक्कसोडपत्रही असेच वगळा, त्यात भाव ठरलेलाच नसतो.

म्हणजे दोन दस्त उरले आणि त्यातून गुंठा ६ लाख ७ हजार ते ६ लाख ५८ हजार निघतो. रेकनरच्या दोन ते सव्वादोन पट. दोनच दस्त आहेत, हे लक्षात ठेवून बोला. शेजारच्या प्लॉटवाल्याला जाऊन भेटा, किती दिले ते विचारा. गावाकडे लोक सांगतात.

अजून एक गोष्ट. एजंटचे पाच गुंठे म्हणजे ५०६ चौरस मीटर. मंजूर नकाशा मागितला तर प्लॉटचं क्षेत्र निघालं ४३०. उरलेला भाग अंतर्गत रस्त्याचा, तो तुमच्या माथी मारलाय. आपले दोन्ही दस्त निव्वळ प्लॉट क्षेत्राचे आहेत, म्हणून तुलना ४३० शीच करायची. ४५ लाख भागिले ४३० केलं तर चौरस मीटरला १०,४६५ पडतात, गुंठ्याला साडेदहा लाखांच्या वर. नऊ लाख नाहीच! आणि आपल्या हिशेबाने ४३० चौरस मीटरची किंमत येते २५ लाख ८० हजार ते २७ लाख ९५ हजार. दडलेल्या रोखीची शक्यता आणि कोपऱ्याचा प्लॉट वगैरे धरून तुम्ही तीस-एकतीसपर्यंत गेलात तर मला समजेल. पंचेचाळीसला मात्र मी उठून येईन.

"मालक म्हणतो रेकनर वाढलाय म्हणून भाव वाढला", अशीही एक कमेंट होती. २०२३-२४ आणि २०२४-२५ मध्ये राज्यात रेकनरचे दर वाढवलेच नव्हते, १ एप्रिल २०२५ ला वाढवले. त्या दोन वर्षांत कित्येक गावांत भाव चढले आणि काही ठिकाणी पडलेसुद्धा. रेकनर हा शुल्क मोजायचा तक्ता आहे, मालकाला तो भाव वाढवण्याचं कारण म्हणून दाखवता येत नाही. त्याला उलट विचारा, "या लेआउटमधला शेवटचा दस्त दाखवा," आणि दाखवला की आधी रकाना दोन, मग रकाना चार वाचा.

शेतजमिनीचं गणित वेगळं आहे. तिथे आकारणीप्रमाणे दराचे गट पडतात आणि मोठ्या क्षेत्राला टप्प्याने दर लागतो, त्यामुळे नुसता गुणाकार चालत नाही. तो व्हिडिओ पुढच्या आठवड्यात करतो. तोपर्यंत तुमच्या गटाशेजारच्या दस्तांचे रकाना दोन आणि तीनचे आकडे आणि क्षेत्रफळ कमेंटमध्ये टाका. नावं आणि दस्त नंबर टाकू नका. मुका कोणता आणि बोलका कोणता, ते मी एकेक बघून सांगतो.