आतले माप, बाहेरचा पत्रा : ४२० लिटरच्या टाकीचा हिशेब

(दृश्य : टेबलावर पसरलेला अखंड पत्रा. त्याच्या कडेला गुण्या टेकवलेला आहे.)

या टेबलावर २५०० मिलिमीटर लांब आणि १२५० मिलिमीटर रुंद असा गॅल्व्हनाइज्ड पत्रा पसरलेला आहे. त्याची जाडी १.६ मिलिमीटर आहे, म्हणजे तो सोळा गेजच्या आसपासचा आहे. यातून वरून उघडी अशी आयताकृती पाण्याची टाकी करायची असून तिची आतली मापे ठरलेली आहेत. लांबी १००० मिलिमीटर, रुंदी ७०० आणि खोली ६०० आहे. तिन्ही मापांचा गुणाकार केला की टाकीत ४२० लिटर पाणी मावेल हे कळते. तिला पत्रा किती लागेल, हे सांगायला मात्र एवढा गुणाकार पुरत नाही.

पहिला अंदाज सगळेच करतात. चार भिंतींची आतली परिमिती ३४०० मिलिमीटर आणि उंची ६००, म्हणून भिंतींचे क्षेत्रफळ २.०४ चौरस मीटर होते. त्यात तळाचे ०.७० मिळवले की बेरीज २.७४ येते. हा अखंड पत्रा ३.१२५ चौरस मीटरचा असल्यामुळे एक पत्रा पुरून थोडी कतरण उरेल असे कागदावर दिसते आणि पुष्कळदा खरेदी याच आकड्यावर होते. हा आकडा चुकीचा नाही, पण तो पाण्याला टेकणाऱ्या पृष्ठाचा आहे. जोड, दुमड आणि पत्र्याची रुंदी यांचा त्यात कुठेच विचार झालेला नाही.

(दृश्य : कागदावर पेन्सिलीने काढलेला टाकीचा उलगडा.)

सर्वांत सोपा उलगडा अधिकच्या चिन्हासारखा असतो. मधे तळ ठेवायचा आणि चारही भिंती त्याच्याच कडेने वर वाकवायच्या. त्यात तळाला जोडच येत नाही, ही मोठी सोय आहे. पण त्यासाठी २२०० बाय १९०० मिलिमीटरचा सलग तुकडा लागतो आणि आपल्या पत्र्याची रुंदी १२५० आहे. चार भिंतींची एकच सलग पट्टी करायची म्हटली, तर तिची लांबी ३४०० च्या वर जाते आणि पत्रा २५०० वरच संपतो. म्हणून भिंती दोन सारख्या पट्ट्यांतून करायच्या. प्रत्येक पट्टीत एक लांब भिंत आणि एक आखूड भिंत येईल. समोरासमोरचे दोन कोपरे पत्रा वाकवून तयार होतील आणि उरलेल्या दोन कोपऱ्यांत उभे जोड येतील. तळ वेगळा राहील.

जोडासाठी किती माया सोडायची, हे जोड कसा पक्का करणार यावरून ठरते. कोपरे कडेला कड भिडवून वेल्ड करायचे असतील, तर माया जवळजवळ लागतच नाही. येथे मात्र पत्र्यावर पत्रा चढवून ४ मिलिमीटरचे रिव्हेट मारायचे आणि वरून डाग द्यायचा, असे ठरले आहे. जस्ताचा थर वेल्डिंगच्या उष्णतेने जळतो आणि त्याचा धूर अपायकारक असतो, हे त्यामागचे एक कारण आहे. रिव्हेटच्या मध्यापासून पत्र्याच्या कडेपर्यंत रिव्हेटच्या व्यासाच्या दुप्पट तरी अंतर असावे, नाहीतर भोकापासून कडेपर्यंतचा पत्रा फाटू शकतो. दोन्ही बाजूंना आठ-आठ म्हणजे १६ मिलिमीटर झाले. आखणीत होणारा थोडा फरक धरून २० मिलिमीटर माया घेतली आहे.

(दृश्य : फोल्डिंग मशीनमधून बाहेर येणारी अरुंद पट्टी. कारागीर तिची मापे घेत आहे.)

वाकवण्याआधी कारागीर त्याच पत्र्याची १०० मिलिमीटर लांबीची एक पट्टी घेऊन तिला काटकोनात दुमडतो आणि दोन्ही भुजा आतून मोजतो. त्यांची बेरीज १०० पेक्षा जितकी कमी येईल, तितकी लांबी वाकणात खर्च झाली आहे, असे समजायचे. पत्रा कोणत्या त्रिज्येत वाकतो त्यानुसार हा आकडा बदलतो, म्हणून तो पुस्तकातून न घेता ज्या मशीनवर काम होणार त्याच मशीनवर काढलेला बरा. येथे आपण जाडीच्या निम्मे, म्हणजे प्रत्येक वाकणाला ०.८ मिलिमीटर धरू.

आता एका पट्टीची लांबी काढता येते. आखूड भिंत ७०० मिलिमीटरची आहे. लांब भिंत आतून १००० ची असली, तरी जोडाच्या कोपऱ्यात तिला शेजारच्या भिंतीच्या जाडीवरून पुढे जाऊन बाहेरच्या अंगाने वळायचे असते, म्हणून ती १००१.६ धरावी लागते. त्यात २० ची माया मिळवायची. वाकणे दोन आहेत, एक कोपऱ्याचे आणि दुसरे मायेचे, त्यांचे १.६ होतात. एकूण १७२३.२ होतात, म्हणून पट्टी १७२३ मिलिमीटरची घ्यायची.

माया दोन्ही तुकड्यांना सोडली जाते, ही नवख्यांच्या आखणीत नेहमी सापडणारी चूक आहे. एका जोडाला एकच माया लागते आणि ती एकाच तुकड्यावर असते. दुसरा तुकडा कोपऱ्यापर्यंत जाऊन थांबतो.

(दृश्य : मायेच्या खालच्या टोकाला कात्रीने पाडली जाणारी खाच.)

ही माया पूर्ण उंचीची ठेवली जात नाही, हे या दृश्यात दिसते. टाकीची वरची कड २० मिलिमीटर बाहेर दुमडून चेपली जाणार आहे, त्यामुळे शेजारच्या भिंतीवर त्या जागी पत्र्याचे दोन थर येतात. खाली तळाची उभी कड भिंतीला बाहेरून कवळणार आहे. माया या दोन्ही ठिकाणी आडवी आली, तर जोड बसत नाही आणि टाकी कोपऱ्यात फुगीर दिसते. म्हणून माया वरून आणि खालून २२-२२ मिलिमीटर कापून तिची उंची ५५६ ठेवली आहे. वरच्या कडेला कोपऱ्याच्या वाकणरेषेवर एक चीरही दिली जाते, कारण दुमडलेली कड कोपऱ्यावरून वळताना ताणली जाते आणि तिला उघडायला जागा हवी असते.

आता उरला तळाचा जोड. आपल्या मते या सबंध कामात सर्वांत जास्त विचार या जोडाचा व्हायला हवा, कारण पत्रा एक लागणार की दोन, हे येथे ठरते. हा जोड दोन प्रकारे करता येतो. पहिल्या प्रकारात भिंतींच्या खालच्या कडेला २० मिलिमीटर माया सोडून ती आत वळवायची आणि तिच्यावर १००० बाय ७०० चा सपाट तळ बसवायचा. दुसऱ्या प्रकारात तळाच्याच चारही कडा २० मिलिमीटर वर वळवून परात करायची आणि भिंती तिच्यात उभ्या करायच्या.

पहिल्या प्रकारात पट्टीची उंची भिंतीचे ६००, वरच्या दुमडीचे २० आणि खालच्या मायेचे २० अशी ६४० होते. दोन पट्ट्या आणि तळ मिळून सुमारे २.९१ चौरस मीटर पत्रा लागतो. दुसऱ्या प्रकारात पट्टी ६२० उंच राहते, पण तळ मोठा होतो. टाकीचे बाहेरचे माप १००३.२ बाय ७०३.२ आहे. भिंती सहज उतरण्यासाठी परात आतून १००४ बाय ७०४ ची ठेवायची, दोन्ही अंगांच्या कडांचे ४० मिळवायचे आणि वाकणांचे १.६ धरायचे. तळाचा तुकडा १०४६ बाय ७४६ होतो आणि सगळे मिळून २.९२ चौरस मीटर भरतात.

क्षेत्रफळ पाहिले, तर पहिला प्रकार किंचित स्वस्त दिसतो. पण पत्र्यावर मांडून पाहा.

(दृश्य : वरून घेतलेले चित्रण. पत्र्यावर तिन्ही तुकड्यांची आखणी.)

६४० च्या दोन पट्ट्या एकाखाली एक ठेवल्या की १२८० मिलिमीटर रुंदी लागते आणि पत्रा १२५० चा आहे. पट्टी १७२३ लांब असल्यामुळे ती आडवी फिरवूनही बसत नाही. केवळ तीस मिलिमीटरसाठी दुसरा अखंड पत्रा घ्यावा लागतो. दुसऱ्या प्रकारात ६२० च्या दोन पट्ट्या १२४० मध्ये बसतात आणि त्यांच्या पुढे ७७७ मिलिमीटर लांबीचा भाग उरतो. त्यात ७४६ रुंदीचा तळ उभा बसतो आणि सबंध टाकी एका पत्र्यात निघते. बाजूला ७७७ बाय २०४ ची कतरण राहते, ती नळाच्या जोडाखालच्या ठिगळाला आणि कोपऱ्यांतल्या फटींना कामी येते. परातीच्या कोपऱ्यांच्या जोडाला वेगळा पत्रा लागत नाही. तळाच्या चारही कोपऱ्यांवर जे चौकोन कापून टाकावे लागतात, त्यांतूनच मायेची जीभ काढता येते.

रुंदीत दहा मिलिमीटर शिल्लक आहेत, पण ते फार नाहीत. पत्र्याची कड काटकोनात नसेल, तर ती आधी सरळ करून घ्यावी लागते. शिअरिंग मशीनवर कापताना पत्रा वाया जात नाही, पण ग्राइंडरच्या चकतीने कापला तर दोन पट्ट्यांमधली एक रेघच तीनेक मिलिमीटर खाते. कापलेली पट्टी काटकोनी आहे की नाही, हे कर्णांवरून कळते. दोन्ही कर्ण सारखे आणि १८३१ मिलिमीटरच्या जवळ यायला हवेत. ते जुळले नाहीत, तर पुढे भिंत परातीत एका टोकाला टेकते आणि दुसऱ्या टोकाला उचललेली राहते.

हीच मांडणी २४४० बाय १२२० च्या पत्र्यावर चालत नाही, कारण रुंदीला १२४० लागतात आणि लांबीला १७२३ अधिक ७४६ म्हणजे २४६९. तेथे आतली मापेच थोडी बदलणे किंवा दोन पत्रे घेणे, एवढेच पर्याय राहतात. म्हणून बाजारात कोणत्या मापाचा पत्रा मिळतो हे पाहून मगच टाकीची मापे कायम केलेली बरी.

(दृश्य : रिव्हेट मारले जात आहेत, मग जोडावर वितळून पसरणारे कथील.)

रिव्हेट मायेच्या मधोमध, कडेपासून १० मिलिमीटरवर मारले आहेत. डाग देताना कथील जोडाच्या फटीत ओढले गेले पाहिजे, केवळ वरून थापलेले कथील पाणी अडवत नाही. टाकी पिण्याच्या पाण्याची असेल, तर शिसेविरहित कथीलच वापरावे आणि फ्लक्स धुऊन काढावा.

(दृश्य : टाकी भरली जात आहे.)

भरलेल्या टाकीच्या लांब भिंतीवर पाण्याचा एकूण दाब सुमारे १८० किलो वजनाइतका येतो आणि १.६ मिलिमीटरचा पत्रा तेवढ्याने मधे फुगतो. त्यासाठी खालून एक तृतीयांश उंचीवर अँगलचा पट्टा बसवतात. त्याचे लोखंड आणि तळाखालचा आधार या हिशेबात धरलेला नाही.