दार उघड की दार उघडं?

नमस्कार, श्रोतेहो. मागच्या महिन्यात मी बाजारात मेथीच्या जुड्या निवडत उभी होते, तेवढ्यात भाचीचा मेसेज आला. 'मावशी दार उघड'. मला वाटलं, ही आमच्या दाराशी येऊन उभी राहिली. मी घाईघाईनं लिहिलं, 'घरी नाहीये गं, किल्ली शेजारच्या काकूंकडे आहे.' आणि ही बिचारी तिच्याच घरात माझी वाट बघत होती! बाळ नुकतंच झोपलं होतं. बेल न वाजवता ये, दार उघडंच आहे, एवढं तिला सांगायचं होतं. 'आहे' तिनं बोलण्यातल्यासारखं गाळलं, ते ठीक. पण 'उघडं'वरचं टिंबही गेलं.

आता हे दोन्ही मोठ्यानं म्हणून बघा. दार उघड. दार उघडं. पहिल्यात उच्चार 'ड'वरच संपतो. दुसऱ्यात शेवटचा 'अ' स्पष्ट ऐकू येतो, जरा लांबतोसुद्धा. टिंब असलं तरी आवाज नाकातून येत नाही. ते टिंब फक्त एवढंच सांगतं, की शेवटचा 'अ' गिळू नका. म्हणूनच 'काम झाल', 'मी सांगितल' असं लिहिलेलं खटकतं. बोलताना आपण 'झाल्' कधीच म्हणत नाही. घाईत लिहिणाऱ्याला वाटतं, मी बोलतो तसंच लिहिलं. प्रत्यक्षात ते ना बोलीतलं असतं, ना पुस्तकातलं. 'एक घर' आणि 'चार घरं' यांतला फरकही त्याच टिंबावर उभा आहे.

याला घाबरून काही जण चॅटमध्येही 'झाले', 'सांगितले' लिहितात. त्यात चूक काहीच नाही, फक्त घरच्या माणसाला नोटीस आल्यासारखी वाटते. बोलीतलं 'केलं', 'म्हटलं' हे गबाळं लेखन नव्हे. मराठी साहित्य महामंडळाच्या लेखननियमांतही पात्राच्या तोंडचं बोलणं असं टिंब देऊन लिहायला जागा आहे. गबाळं दिसतं ते दोन्हींची खिचडी झाली की. 'बिल भरलं नसते तर काम झाल नसते', असल्या वाक्यात लिहिणाऱ्याचा आवाजच सापडत नाही.

दुसरी गोष्ट थांबण्याची. माझ्या मैत्रिणीनं नवऱ्याला विचारलं, 'आता निघू का?' त्याचं उत्तर आलं, 'नको थांबू'. ती निघाली. त्याला म्हणायचं होतं, 'नको, थांबू.' म्हणजे पाऊस ओसरेपर्यंत थांबूया. फोनवर बोलला असता तर 'नको'नंतरची ती क्षणभराची उसंत तिला ऐकू आली असती. चॅटमध्ये ती उसंत स्वल्पविरामच देतो. प्रत्येक वाक्यात चार स्वल्पविराम टाका असं मी म्हणत नाही. जिथे जीभ थांबते आणि थांबल्यानं अर्थ फिरतो, तिथे तरी द्या.

मग आपलं लाडकं 'ना'. 'ये ना', 'सांग ना', 'जेवू ना आता'. मराठीतला आग्रह, लाडीगोडी, थोडी कुरकुर, सगळं याच्यात मावतं. ते क्रियापदाला चिकटवलं की घोटाळा होतो, कारण चिकटलेला 'ना' आपल्याकडे नकाराचा असतो. पाऊस थांबेना, काही सुचेना. 'थांब ना' ही विनवणी आहे आणि 'थांबेना' ही तक्रार. 'सुरू करूना' असं कुणी लिहिलं की मला तर आधी करुणाच आठवते.

उच्चार किती उतरवायचा, याबद्दल माझा एक साधा अंदाज आहे. 'येतो आहे'चं 'येतोय', 'गेला आहे'चं 'गेलाय' ही रूपं बिनधास्त लिहावीत. ती बोलण्यात रुळली आहेत आणि वाचताना अडखळायला होत नाही. 'नाय', 'पायजे' हे तुमच्या घरचंच बोलणं असेल तर तेही खुशाल लिहा. पण एरवी 'नाही' म्हणणाऱ्यानं चॅटमध्ये गंमत म्हणून 'नाय' लिहिलं, की ते दुसऱ्याच्या बोलीची नक्कल केल्यासारखं वाटतं. मला ते आवडत नाही.

परवा भाचीनं लिहिलं, 'मावशी काम झाल का नै ते सांगना मी निघालीय'. मी तिला माझ्या पद्धतीनं लिहून पाठवलं, 'मावशी, काम झालं का गं? सांग ना, मी निघालेय.' शब्द जवळजवळ तेच. एक टिंब, दोन स्वल्पविराम, एक प्रश्नचिन्ह, एक पूर्णविराम, एक मोकळी जागा, आणि 'गं' माझ्या पदरचा. 'निघालीय'वरून मात्र आमचं अजून भांडण चालू आहे. ती म्हणते, आमच्यात सगळ्याजणी असंच बोलतात. बोलत असतील, तर मग तिनं तेच लिहावं.