पाळणाघराचा पहिला दिवस: मीनलनं जिन्यावरून मागे फिरायला नको होतं

(समोर टेबलावर एक कापडी पिशवी)

नमस्कार. आज एक छोटीशी गोष्ट सांगते. गोष्ट रचलेली आहे, पण मधे मधे मी थांबणार आहे, कारण त्यातल्या दोन-तीन जागा अशा आहेत की तिथं आपण बहुतेक सगळेच चुकतो.

मीनल डोंबिवलीला राहते, ऑफिस फोर्टला. मुलगा चौदा महिन्यांचा, घरातलं नाव चिकू. आजवर आजी सांभाळत होती. आजीचे गुडघे आता जिना चढू देत नाहीत, म्हणून सोमवारपासून पाळणाघर. दोन बिल्डिंग सोडून, पहिल्या मजल्यावर.

इथं पहिल्यांदा थांबते. मीनलची आई म्हणते, "सहा महिन्यांचा होता तेव्हा कुणाच्याही कडेवर जायचा गं, तेव्हाच ठेवायला हवा होता." खरं आहे. साधारण आठव्या महिन्याच्या आसपास बाळाला पक्कं कळायला लागतं की आई दिसत नसली तरी ती कुठंतरी असते. मग ती इथं का नाही? हे रडणं दहा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान सगळ्यात जोरात असतं. म्हणजे चिकू लाडावलेला वगैरे काही नाही, तो अगदी वयाप्रमाणे चाललाय.

आता कायदा बघा. 2017 साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली आणि पगारी रजा 12 वरून 26 आठवड्यांची झाली. बाळंतपणानंतरच सगळी घेतली तरी ती सहाव्या महिन्यात संपते, आणि हे रडणं सुरू होतं त्यानंतर. त्याच दुरुस्तीत असंही आलं की पन्नास किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथं पाळणाघराची सोय हवी आणि आईला दिवसातून चार वेळा तिथं जाता यायला हवं. कागदावर छान आहे. पण सकाळच्या फास्ट लोकलमध्ये चौदा महिन्यांचं पोर कडेवर घेऊन फोर्टला जाऊन दाखवा मला! म्हणून मीनलनं घराजवळचंच बघितलं.

(पिशवी उघडत)

तिची पिशवी अशीच होती. कपड्यांचे दोन जोड, डायपर, डब्यात मऊ वरणभात, पाण्याची बाटली, आणि तिची वापरलेली, न धुतलेली सुती ओढणी. ओढणी पाळणाघराच्या काकूंनी मागितली होती. "धुऊन आणू नकोस हां. वास राहू दे तुझा."

काकूंनी आणखी एक मागितलं होतं, ते मला फार आवडतं. चिकूच्या शब्दांची यादी. 'बू' म्हणजे पाणी. 'आजा' म्हणजे आजी आणि झोप, दोन्ही, कारण आजीच झोपवते. ही यादी नसेल तर पोर 'बू, बू' करत रडतं आणि समोरचं माणूस त्याला बॉल देत बसतं.

आता दाराशी येऊ. सकाळचे पावणेआठ. चिकू मीनलच्या ड्रेसचा गळा मुठीत धरून बसलाय. तिथं दुसरी एक आई हळूच म्हणते, "त्याचं लक्ष खेळण्यात गेलं की सटक. मी तसंच केलं."

हा सल्ला आपल्याकडे पिढ्यानपिढ्या चाललाय. सटकलं की रडणं ऐकावं लागत नाही, एवढाच त्याचा फायदा, आणि तो फायदा आईचा. पोराच्या बाजूनं बघा. तो ठोकळे रचत होता, वळून बघितलं तर आई गायब. त्यातून तो एकच गोष्ट शिकतो, की खेळात रमलं की आई जाते. मग घरीसुद्धा तो रमत नाही. तुम्ही न्हाणीघरात गेलात तरी दाराबाहेर भोकाड.

काकूंनी डोळ्यांनीच मीनलला थांबवलं. "सांगून जा. आणि सांगितलंस की जा."

मीनल खाली बसली. "चिकू, आई ऑफिसला जाते. तू खेळणार, मग वरणभात, मग आजा, मग दूध. दूध झालं की आई येते." बघा, तिनं 'संध्याकाळी पाच वाजता' म्हटलं नाही. चौदा महिन्यांच्या मुलाला घड्याळ कळत नाही. एकामागून एक काय होतं ते मात्र रोज तसंच घडलं की चार-सहा दिवसांत अंगवळणी पडतं. पण मग दूध झाल्यावर कुणीतरी यायलाच हवं. म्हणून त्या आठवड्यात मीनलनं अर्धा-अर्धा दिवस रजा टाकली होती.

ती उठली आणि चिकूनं जो सूर लावला! दार बंद झालं. मीनल चपला हातात घेऊन जिन्यावर उभी. एक मिनिट. दोन मिनिटं. आतला आवाज जरा उतरला, हुंदके राहिले. आणि नेमकं तेव्हाच तिला राहवलं नाही. ती परत गेली.

चूक झाली ती इथं. आत काकूंनी त्याला कडेवर घेतलं होतं, त्यानं डोकं टेकलं होतं, नुकतंच. आई दिसली आणि पहिल्यापासून सगळं सुरू, आधीपेक्षा वरच्या पट्टीत. दुसऱ्यांदा निघताना त्यानं ड्रेसचा गळा नाही, केसच धरले. आता त्याला कळलं होतं की पुरेसं रडलं की दार उघडतं.

बर्लिनमध्ये एक पद्धत रूढ आहे. पहिले तीन दिवस आई किंवा बाबा मुलाबरोबर तिथंच तासभर बसतात, सोडून जातच नाहीत. चौथ्या दिवशी पहिल्यांदा निघायचं, तेही फार तर अर्धा तास. मीनलला एवढी रजा मिळणार नव्हती. तुम्हाला मिळत असेल तर घ्या.

साडेअकराला काकूंचा फोन. वरणभात अर्धा खाल्ला. झोपला नाही, ओढणी तोंडात धरून पडून राहिला. दीडला मीनल न्यायला आली. दारातून बघते तर चिकू स्टीलच्या वाटीवर चमचा आपटत मजेत बसलाय. तिला हायसं वाटलं. तेवढ्यात त्यानं मान वर केली, आईला बघितलं आणि हंबरडा फोडला.

मीनलचा चेहरा पडला. "दिवसभर असाच होता का?"

"नाही गं," काकू म्हणाल्या, "हे तुझ्यासाठी साठवून ठेवलेलं."

नेताना रडला म्हणजे तिथं काहीतरी वाईट झालं, असं लगेच धरू नका. परक्या जागी तो सकाळपासून सांभाळून होता, हक्काचं माणूस दिसल्यावर सुटला. बघायचं ते वेगळंच आहे. मधेच पडला, लागलं, तर तो काकूंकडे जातो का? त्यांनी घेतल्यावर शांत होतो का? दोन-तीन आठवडे गेले तरी कुणाच्याच हातून शांत होत नसेल, जेवण टाकत असेल, तर मात्र जागा नीट तपासा. न सांगता मधल्या वेळी जाऊन बघा. जाऊ देत नसतील तर तेच उत्तर.

मंगळवारी काय झालं? चिकू जिन्याच्या पहिल्या पायरीवरच रडायला लागला. दुसरा दिवस बऱ्याचदा जास्त जड जातो, कारण आता पोराला पुढचं ठाऊक असतं. मीनलनं तेच वाक्य म्हटलं, त्याच क्रमानं, आणि ती निघाली. जिन्यावर थांबली नाही.

मुंब्र्याच्या पुढं गाडी गेली असेल, काकूंचा मेसेज आला. "रडणं थांबलं. दाराशी बसून 'ताता, ताता' करतोय. यादीत नाही. ताता म्हणजे काय?"

मीनलनं एका हातानं टाइप केलं, "चपला."