रुबेन्सची राणी आणि फ्रागोनारचा झोपाळा

विद्यार्थी मित्रहो, युरोपीय चित्रकलेतील शैलींपैकी बरोक म्हणजे गडद व भव्य आणि रोकोको म्हणजे फिकट व नाजूक, ही विभागणी उत्तरपत्रिकेत चालून जाते. चित्रांसमोर उभे राहिल्यावर मात्र ती अपुरी वाटते. म्हणून आज दोन चित्रे नीट पाहू.

पहिले बरोक चित्रकार रुबेन्सचे. फ्रान्सची राजमाता मारी द मेदिची हिने पॅरिसमधल्या आपल्या लक्झेंबर्ग राजवाड्यासाठी १६२२ मध्ये त्याला मोठी चित्रमालिका सांगितली. तिच्यातील मार्सेय बंदरातल्या आगमनाचे चित्र आज लूव्रमध्ये आहे आणि त्याची उंची जवळजवळ चार मीटर आहे. प्रसंग तसा साधा आहे, १६०० साली नववधू मारी जहाजातून उतरते एवढाच. पण निळ्या झग्यातला फ्रान्स देश मूर्तिमंत होऊन तिचे स्वागत करतो, वरून कीर्तिदेवता तुतारी फुंकते आणि खाली ओलेत्या जलकन्या जहाजाचा दोर आवळून धरतात. हे सारे दरबाराने पाहावे आणि राणीचा अधिकार मान्य करावा, यासाठी रचलेले आहे. रंग मात्र गडद नाहीत. त्या जलकन्यांच्या अंगावरील गुलाबी, मोतिया छटा पाहिल्या, तर रोकोकोचे बीज इथेच आहे हे लक्षात येते. वातो या रोकोको चित्रकाराने तरुणपणी ही मालिका जवळून अभ्यासली, कारण त्याचा गुरू ओद्रां हा त्या राजवाड्याचा रखवालदार अधिकारी होता.

१७१५ मध्ये चौदावा लुई वारला, सरदार व्हर्सायहून पॅरिसच्या आपापल्या वाड्यांत परतले आणि चित्रांना दरबाराऐवजी छोट्या दिवाणखान्यांच्या भिंती मिळाल्या. रोकोको चित्रकार फ्रागोनारचा १७६७ चा ‘झोपाळा’ अशाच खासगी सुखासाठी काढलेला आहे. लंडनच्या वॉलेस संग्रहातले हे चित्र जेमतेम ८१ सेंटिमीटर उंच आहे, म्हणजे ते पाहायला जवळ जावे लागते आणि एका वेळी एकदोघांनाच नीट पाहता येते. सावलीतला वयस्कर पुरुष दोर ओढतो आहे, झुडपात पहुडलेला तरुण वर पाहतो आहे, तरुणीची गुलाबी सपात हवेत उडाली आहे आणि क्युपिडचा पुतळा ओठांवर बोट ठेवून गुपित राखतो आहे. भोवतालची झाडी निळसर हिरवी, धुरकट ठेवल्यामुळे पांढऱ्याची भर घालून हलका केलेला तो गुलाबी झगाच प्रथम नजरेत भरतो. इथे रंगाचे काम सत्ता सांगण्याचे उरलेले नाही, एका क्षणाचा आनंद रेंगाळत ठेवण्याचे आहे.

तरीही एक शैली संपली आणि दुसरी आली, असे समजू नका. कोले या लेखकाच्या रोजनिशीनुसार ह्या चित्राचे काम आधी द्वाइयाँ या चित्रकाराकडे आले होते आणि त्याने ते फ्रागोनारकडे वळवले. त्याच १७६७ सालच्या सलोन या पॅरिसच्या चित्रप्रदर्शनात द्वाइयाँचे साँ-रोक चर्चसाठी काढलेले प्रचंड वेदीचित्र गाजत होते. त्यात रोगाने तळमळणाऱ्यांची गर्दी आणि त्यांच्यासाठी आकाशात याचना करणारी संत जनव्हिएव्ह आहे, आणि त्याची सगळी मांडणी रुबेन्सच्या वळणाची आहे.