दोन वजनांची वजाबाकी आणि त्यांच्या चुकांची बेरीज

आज एकाच कागदाबद्दल बोलणार आहे. प्रयोगवहीच्या पानाचा हा मोबाइलवर काढलेला फोटो आहे. वाळवलेल्या मातीत ओलावा किती, हा प्रयोग. अ‍ॅल्युमिनियमची रिकामी डबी ४२.३१८ ग्रॅम, मातीसह ५२.४०६ ग्रॅम, आणि ओव्हनमध्ये १०५ अंशांवर सुकवल्यानंतर ५२.२९१ ग्रॅम.

शेवटच्या आकड्यावर फोटोत सावली पडली आहे. पहिल्या नजरेला तो ५२.२४१ वाटतो. पण शेजारच्या रकान्यात विद्यार्थिनीने पाण्याचे वजन ०.११५ लिहिले आहे, आणि ५२.४०६ मधून ०.११५ वजा केले की ५२.२९१ च येतात. अंधुक आकडा असा पडताळून घ्यायचा. ९ ला ४ वाचणे ही सरळ चूक आहे, ती दुरुस्तच करायला हवी. ± च्या मागे ती लपवता येत नाही.

आता ± कडे येऊ. तीच रिकामी डबी दहा वेळा उचलून पुन्हा तराजूवर ठेवली, तेव्हा आकड्यांचे प्रमाण विचलन २ मिलिग्रॅम आले. म्हणजे प्रत्येक वजनामागे २ मिलिग्रॅमची अनिश्चितता. मग पाण्याच्या वजनात किती? पानावर आधी ‘२ – २ = ०’ लिहून खोडले आहे आणि खाली ‘२ + २ = ४’ आहे. दोन्ही उत्तरे सुचणे अगदी स्वाभाविक आहे, म्हणून इथे जरा थांबू या.

सोयीसाठी धरू, की प्रत्येक वजन एकतर २ ने जास्त येते किंवा २ ने कमी, आणि दोन्ही शक्यता सारख्या आहेत. दोन वजनांच्या मिळून चार जोड्या होतात. दोन्ही जास्त असतील तर वजाबाकीतली चूक ०. दोन्ही कमी असतील तरी ०. पहिले जास्त नि दुसरे कमी असेल तर +४, आणि उलट असेल तर –४. या चार चुकांचे वर्ग ०, ०, १६, १६. त्यांची सरासरी ८. चुकांच्या वर्गांची ही सरासरी म्हणजेच वजाबाकीचा व्हेरियन्स. एकेका वजनाचा व्हेरियन्स २ चा वर्ग, म्हणजे ४, आणि ८ म्हणजे ४ + ४ च. वजने वजा झाली, पण व्हेरियन्स मिळवले गेले. ८ चे वर्गमूळ सुमारे २.८. बेरीज करून पाहिली असती, तरी त्याच चार जोड्या वेगळ्या क्रमाने आल्या असत्या आणि उत्तर ८ च आले असते.

तर पाणी ११५ मिलिग्रॅम, अनिश्चितता २.८. म्हणजे जवळजवळ अडीच टक्के! ५२ ग्रॅमच्या वजनात २ मिलिग्रॅम म्हणजे काहीच नाही, पण दोन मोठी वजने एकमेकांतून गेली आणि हाती उरले ते थोडेसे पाणी. चूक मात्र सगळी त्याच्यावर आली.

पुढची ओळ मला सर्वांत महत्त्वाची वाटते. सुक्या मातीचे वजन काढताना तिने ओल्या मातीचे १०.०८८ घेतले आणि त्यातून पाण्याचे ०.११५ वजा केले. ९.९७३ हे उत्तर बरोबर आहे. मग नुकताच शिकलेला नियम लावला: ८ + ८ = १६, वर्गमूळ ४. हे मात्र चुकले. ओल्या मातीचे वजन आणि पाण्याचे वजन, दोन्हींत ५२.४०६ हे एकच वाचन आहे. ते २ ने जास्त आले असेल तर दोन्ही आकडे २ ने फुगतात आणि वजाबाकीत ती चूक निघून जाते. सुकी माती म्हणजे खरे तर ५२.२९१ – ४२.३१८. वाचने दोनच, व्हेरियन्स ८, अनिश्चितता २.८. म्हणून नियम लावण्याआधी प्रत्येक राशी तराजूवरच्या मूळ आकड्यांत उलगडून लिहा. एखादे वाचन दोनदा दिसले की आधी ते काटा.

तराजूचा शून्य ५ मिलिग्रॅमने सरकला असेल, तर तोही असाच वजाबाकीत जातो. पण डबी गरम असतानाच तोलली, तर भोवतालची हवा तापून वर चढते आणि वजन कमी दिसते. ही चूक फक्त शेवटच्या वाचनात शिरते आणि नेहमी एकाच दिशेने. पाणी जास्त भासते. वर्गांच्या बेरजेत ती कुठेच दिसणार नाही. तिच्यावर उपाय एकच: डबी डेसिकेटरमध्ये, म्हणजे आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात, पूर्ण थंड होऊ द्यायची.

पानाच्या तळाशी त्याच कालवलेल्या मातीची दुसरी डबी आहे, माती जवळपास तितकीच, पाणी ०.१२१ ग्रॅम. दोन्हींत ६ मिलिग्रॅमचा फरक पाहून तिने प्रश्नचिन्ह काढले आहे. इथे चारही वाचने वेगळी आहेत, म्हणून फरकाचा व्हेरियन्स ८ + ८ = १६ आणि अनिश्चितता ४. सहाचा फरक तिच्या दीडपट, त्यात वावगे काही नाही. तो १५ असता, तर मी आधी विचारले असते, की दुसरी डबी किती वेळ थंड केली होती?