डाव्या कुशीवर झोपलं की छातीतली जळजळ का कमी होते

स्क्रीनवर ही जी रेघ चाललीये ती अन्ननलिकेत आत्ता किती आम्ल आहे ते दाखवते. नाकातून एक बारीक नळी घालतात, शेवयांएवढी जाड असेल नसेल, तिच्या टोकाजवळ एक सेन्सर असतो, आणि तो पोटाच्या झडपेच्या साधारण पाच सेंटीमीटर वर राहील अशी ती नळी गालाला चिकटपट्टीने लावून टाकतात. पेशंट घरी जातो, जेवतो, झोपतो, आणि रात्रभर हा सेन्सर पीएच मोजत बसतो, आम्ल जितकं जास्त तितका पीएच कमी. अन्ननलिकेत नॉर्मली पीएच सहाच्या आसपास असतो, रेघ वरच्या वर चाललेली असते. मग कधीतरी ती एकदम खाली कोसळते, चारच्याही खाली जाते. म्हणजे पोटातलं आम्ल वर आलं.

आता बघा, रेघ खाली गेली हे तर कळलं, पण ती परत वर यायला किती वेळ लागला हे नीट बघा, कारण या अख्ख्या व्हिडिओत आपण जे बोलणार आहोत ते त्या वेळेबद्दल आहे.

आम्ल वर येणं ही गोष्ट काही फक्त पित्त झालेल्यांची नाही, ती सगळ्यांना थोडीफार होते. अन्ननलिका आणि पोट यांच्यामध्ये स्नायूंचं एक कडं असतं, ते एरवी आवळलेलं असतं, आपण घास गिळला की काही सेकंद सैल होतं आणि परत मिटतं. पण कधीकधी घास न गिळताही ते आपोआप सैल होतं, आणि घासाच्या वेळेपेक्षा जास्त वेळ, दहा सेकंद किंवा त्याहून जास्तही. शरीराला पोटातली हवा बाहेर सोडायची असते, त्यासाठीची ही सोय आहे, आपण ढेकर देतो ना, ती याच वाटेने येते. म्हणजे दार उघडणं हा बिघाड नाहीये. प्रश्न एवढाच आहे की दार उघडलं त्या क्षणी दाराशी काय होतं, हवा होती की आंबट पाणी.

आणि इथेच कूस येते.

पोटाचा आकार चित्रात बघा. पुस्तकात दाखवतात तशी सरळ उभी पिशवी नसते ती. पोट डावीकडे असतं, त्याचा वरचा फुगीर भाग डाव्या बाजूला छातीच्या पडद्याखाली पार वरपर्यंत जातो, आणि अन्ननलिका त्या फुग्याच्या डोक्यावर येऊन लागत नाही, ती त्याच्या उजव्या अंगाला, बाजूने येऊन लागते. पोटाचं बाहेर पडायचं तोंड, जिथून अन्न आतड्यात जातं, तेही उजवीकडेच. म्हणजे आत यायचं दार आणि बाहेर जायचं दार दोन्ही उजव्या अंगाला, आणि मोठी जागा सगळी डावीकडे.

घरात एक पाण्याची अर्धी भरलेली बाटली घ्या जिच्या अंगाला एका बाजूला वरच्या टोकाशी भोक आहे असं समजा. भोक वर येईल अशी ती आडवी ठेवली तर पाणी खाली राहील आणि भोकापाशी नुसती हवा. तीच पलटून भोक खाली आणलं की पाणी तिथे येऊन उभं राहतं. डाव्या कुशीवर झोपल्यावर पोटाचा तो मोठा फुगीर भाग खाली जातो, रात्रीचं जेवण आणि आम्ल सगळं त्या खोलगट जागेत साचतं, आणि अन्ननलिकेचा जोड त्या पातळीच्या वर राहतो, त्याच्याशी हवा. कडं सैल झालं तर मुख्यतः हवाच बाहेर येते. उजव्या कुशीवर सगळं उलटं, जोड खाली, त्याच्यावर पाणी, आणि हवा वर डावीकडच्या फुग्यात जाऊन अडकलेली. कडं सैल झालं की जे दाराशी आहे तेच वर येणार ना.

एवढं ऐकून कोणालाही वाटेल की मग डाव्या कुशीवर आम्ल वर येतच नसणार. मलाही ही गोष्ट इथे थांबवता आली असती, चित्र छान जुळतंय, पण माणसं झोपवून प्रत्यक्ष मोजलं तेव्हा जे दिसलं ते याच्यापेक्षा जास्त इंटरेस्टिंग आहे.

नेदरलँड्समध्ये ॲम्स्टरडॅमच्या विद्यापीठ रुग्णालयातल्या डॉक्टरांनी 57 पेशंट घेतले, 2022 मध्ये त्यांचा पेपर आला. या सगळ्यांना नाकातून ती नळी घातलेली, आणि छातीवर एक छोटं यंत्र लावलेलं जे माणूस कुठल्या अंगावर आहे ते सतत नोंदवत राहतं. म्हणजे झोपेत कूस बदलली की तीही नोंद आणि आम्ल वर आलं की तीही नोंद, दोन्ही एकाच घड्याळावर. सकाळी उठून पेशंटला विचारायची गरजच नाही की बाबा रे कसा झोपला होतास, कारण आपण कुठल्या कुशीवर किती वेळ होतो हे कोणालाच नीट सांगता येत नाही.

निकाल असा आला की आम्ल वर येण्याची संख्या तिन्ही अवस्थांमध्ये, डावी कूस, उजवी कूस, उताणं, यात म्हणण्यासारखा फरक नव्हता. पण आलेलं आम्ल परत खाली जायला लागलेला वेळ बघा, डाव्या कुशीवर मध्यक 35 सेकंद, उताणं 76, आणि उजव्या कुशीवर 90. आणि त्यामुळे अन्ननलिका एकूण जितका वेळ आम्लात राहिली तो वेळ डाव्या कुशीवर सर्वात कमी आणि उजव्या कुशीवर सर्वात जास्त भरला.

समजा रात्रीत पाच वेळा आम्ल वर आलं. पाचही वेळा माणूस डाव्या कुशीवर असेल तर पाच गुणिले 35, म्हणजे तीन मिनिटांच्या आत काम संपलं. तीच पाच वेळा उजव्या कुशीवर झाली तर साडेसात मिनिटं. अन्ननलिकेचं अस्तर पोटासारखं आम्ल सोसायला बनलेलं नाही, त्यामुळे ही जास्तीची मिनिटं तिला भोवतात, आणि जळजळीने जाग येते तीही याच मिनिटांत.

दिवसा हे एवढं जाणवत नाही कारण दिवसा आपण बसलेले किंवा उभे असतो, वर आलेलं आपोआप खाली उतरतं, शिवाय दर मिनिट दोन मिनिटाला आपण नकळत आवंढा गिळतो, त्या लाटेबरोबर आम्ल खाली ढकललं जातं आणि मागोमाग लाळ येऊन उरलंसुरलं शमवते. गाढ झोपेत गिळणं जवळपास बंद, लाळ जवळपास बंद. मग उरतो फक्त उतार, आणि डाव्या कुशीवर अन्ननलिकेचं खालचं टोक पोटातल्या पाण्याच्या वर असल्यामुळे तो उतार खाली पोटाकडे मिळतो. उजव्या कुशीवर तेवढा मिळत नाही, म्हणून वर आलेलं तिथेच घोटाळत बसतं.

आता कोणी म्हणेल झोपेत आपल्या हातात काय असतं, डाव्या कुशीवर पडलो आणि पहाटे बघतो तर उजव्या. हा प्रश्न त्याच टीमलाही पडला, आणि त्यांनी 100 पेशंट घेऊन आणखी एक ट्रायल केली. छातीवर एक यंत्र चिकटवायचं, माणूस उजव्या कुशीवर वळला की ते हळूच थरथरायचं, इतकं की जाग न येता माणूस वळावा. निम्म्या लोकांना खरं यंत्र, निम्म्यांना तसंच दिसणारं पण 20 मिनिटांनी गप्प होणारं, आणि कोणाकडे कुठलं हे ना पेशंटला माहीत ना डॉक्टरला. दोन आठवडे हे चाललं. खऱ्या यंत्रवाल्यांचा उजव्या कुशीवरचा वेळ 2.2 टक्के उरला, बाकीच्यांचा 23.5. आणि रात्रीचा त्रास निम्म्याने किंवा त्याहून जास्त कमी झाला असे लोक खऱ्या गटात 44 टक्के, दुसऱ्या गटात 24. हा आकडा दोन्ही बाजूंनी वाचायला हवा असं मला वाटतं, फायदा खरा आहे हे नक्की, पण निम्म्याहून जास्त लोकांना तेवढा फरक पडला नाही हेही त्यातच लिहिलेलं आहे.

यंत्राशिवाय करायचं तर पाठीमागे एक लांब तक्क्या किंवा लोड घट्ट लावून घ्या, म्हणजे उताणं व्हायलाच जागा राहत नाही, पुढे एक उशी मिठीत घ्या आणि गुडघ्यांमध्ये एक, नाहीतर डावा खांदा आणि कंबर सकाळी बोलायला लागते. सगळ्यात जास्त आम्ल झोपेच्या पहिल्या काही तासांत वर येतं कारण जेवण तेव्हा पोटातच असतं, त्यामुळे निदान तेवढा वेळ डावी कूस सांभाळली तरी बरंच काम होतं. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली 15 ते 20 सेंटीमीटरचे ठोकळे देणं वेगळं, तेही याच्याबरोबर चालतं, पण दोन तीन उशा डोक्याखाली रचणं म्हणजे ते नव्हे, त्याने मान वाकते आणि पोट दुमडून वर दाब येतो. आणि साडेदहाला जेवून अकराला आडवं व्हायचं असेल तर कूस एकटी पुरी पडत नाही, जेवण आणि झोप यात दोन तीन तास हवेतच.

उजव्या कुशीची एक बाजू सांगायलाच हवी. बाहेर जायचं दार उजवीकडे असल्यामुळे त्या कुशीवर पोट जरा लवकर रिकामं होतं, म्हणून पोट जड वाटणाऱ्यांना कधीकधी तीच बरी वाटते, आणि ते खोटं बोलत नाहीयेत. फक्त जळजळीचा त्रास असेल तर वर येणाऱ्याचा हिशोब जास्त महाग पडतो.

आता हे कोणाला लागू नाही ते. काही थोड्या लोकांचे अवयव जन्मतः आरशासारखे उलटे असतात, पोट उजवीकडे, त्यांच्यासाठी सगळं उलटं वाचायचं. हार्ट फेल्युअर असलेल्या काही पेशंटना डाव्या कुशीवर धाप लागते, छातीवर दडपण येतं, त्यांनी जळजळीसाठी ते सोसत राहू नये, आपल्या डॉक्टरांना विचारावं. मोठा हायटस हर्निया असेल, म्हणजे पोटाचाच काही भाग पडद्यातून वर छातीत सरकलेला असेल, तर डाव्या कुशीने होणारा फायदा कमी पडू शकतो.

घास अडकतोय, काही न करता वजन उतरतंय, उलटीत रक्त किंवा शौच डांबरासारखं काळं होतंय, तर उशा मांडत बसू नका, दाखवा. छातीतलं दुखणं हातात किंवा जबड्यात जातंय आणि घाम सुटलाय तर ती जळजळ समजून कूस बदलू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.

आणि घरात तान्हं बाळ दूध ओकतं म्हणून त्याला डाव्या कुशीवर झोपवायचं नाही, हे मोठ्यांसाठी आहे. एक वर्षाच्या आतलं बाळ झोपेत उताणंच, सपाट आणि टणक गादीवर, आजूबाजूला उशी लोड काही नाही, कारण कुशीवरून बाळ सहज पालथं होतं आणि त्याचा श्वास अडतो.