पाचवीतली मुलगी, सहावीचं गणित

गोव्यात डिचोली तालुक्यातलं एक साधंसुधं हायस्कूल. पाचवीचा वर्ग, गणिताचा तास. टीचर फळ्यावर 2/3 + 1/4 सोडवून दाखवतायत, छेद सारखे करा, 12 आणा वगैरे, आणि तिसऱ्या बाकावरच्या ह्या मुलीचं उत्तर कधीच लिहून झालंय, 11/12, आता ती वहीच्या मागच्या पानावर कदंबा बसची चाकं काढत बसलीय.

टीचरना हे दिसत नाही असं नाही. त्यांनी तिला तसलीच आणखी वीस गणितं दिली, ती पण झाली. मग शेजारच्या मुलांना शिकवायला बसवलं, आठवडाभर तिला मजा वाटली, नंतर सकाळी पोटात दुखायला लागलं. वर्गाच्या पुढे असलेल्या अशा मुलांसाठी दोन वाटा सांगतात, एनरिचमेंट नाहीतर अ‍ॅक्सिलरेशन, म्हणजे पुढच्या इयत्तेचं आधीच शिकवणं. खरं सांगायचं तर ही वीस गणितं म्हणजे एनरिचमेंट नव्हेच, लवकर काम संपवल्याची शिक्षाच ती.

मग एनरिचमेंट म्हणजे काय? वर्ग तोच, वय तेच, पण विषयात खोल जायचं. आधी धडा शिकवायच्या अगोदरच त्या धड्याची चाचणी घ्यायची, जे येतंय ते सरळ वगळायचं आणि वाचलेल्या वेळात दुसरं काम द्यायचं. अमेरिकेत जोसेफ रेन्झुली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत नीट बसवली, तिला कॉम्पॅक्टिंग म्हणतात. टीचरनी तसंच केलं. प्रश्न दिला, अंश 1 असलेले वेगवेगळे अपूर्णांक घेऊन बेरीज बरोबर 1 आण. तिने 1/2 + 1/3 + 1/6 काढलं. दोन दिवसांनी 1/2 + 1/4 + 1/6 + 1/12 घेऊन आली आणि विचारते, टीचर, पाच अपूर्णांकांनी पण येतं काय?

एनरिचमेंटवाल्यांचं म्हणणं सोपं आहे, पोर आपल्या वयाच्या मुलांत राहतं, पाया कच्चा राहत नाही, आणि असा प्रश्न अख्ख्या वर्गाला पण देता येतो. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातसुद्धा अशा मुलांना जादा साहित्य द्या, विषयांची मंडळं चालवा असंच आहे. अडचण एकच, असा प्रश्न रोज कोण शोधणार? वर्गात बाकीची मुलं पण आहेत, आणि टीचर एकटीच.

अ‍ॅक्सिलरेशनवाले म्हणतात, पुढचं पुस्तक तयार आहे, शिकवणारे सर शेजारच्या वर्गात आहेत, मग थांबायचं कशाला? ज्युलियन स्टॅन्लींनी 1971 मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात हेच काम सुरू केलं, बारा-तेरा वर्षांच्या मुलांना कॉलेज प्रवेशाची परीक्षा देऊन बघितलं. कारण स्वतःच्या इयत्तेच्या पेपरात 98 आणि 100 मधला फरक काहीच सांगत नाही, वरच्या इयत्तेचा पेपर दिला की कळतं पोर नक्की कुठे आहे.

आपल्या शाळेतही तेच केलं. पाचवीचा वार्षिक पेपर, 50 पैकी 47. सहावीचा, 34. सातवीचा, 11. म्हणजे तिला शिकायला जागा आहे ती सहावीत, सातवीत टाकली असती तर बुडाली असती. सहावीच्या पेपरात पण गुणोत्तराचे सगळे प्रश्न चुकले, ते तिला कधी कोणी शिकवलेलंच नव्हतं, म्हणून पहिले दोन आठवडे तेवढंच करून घेतलं. उडी मारताना असली भोकं राहतात, आणि ती शोधली नाहीत तर वर्षभराने दोष पोरीवर येतो.

अख्खी इयत्ता का नाही वगळली? मराठीत ती वर्गासारखीच आहे, अक्षर तर विचारू नका. आणि मोठा भाऊ सहावीत. अमेरिकेत इयत्ता वगळायचा निर्णय घेताना आयोवाची एक मोजपट्टी वापरतात, तिच्यात स्पष्ट म्हटलंय की सख्ख्या भावंडाच्या इयत्तेत पोराला घालू नये, आणि त्याची स्वतःची इच्छा नसेल तरी नाही. मुलं पुढे ढकलली की एकटी पडतात ही जी भीती आपल्याकडे घराघरात आहे, तिला नीट निवडलेल्या मुलांच्या अभ्यासांत फारसा आधार मिळत नाही, पण निवड नीट झाली तर, हे विसरू नका.

म्हणून फक्त गणितापुरती सहावी, तीसुद्धा भाऊ नसलेली तुकडी. गाडं अडलं वेळापत्रकात, सहावीच्या गणिताला पाचवीचा मराठीचा तास. हेडसरांनी दोन तास इकडचे तिकडे केले, तरी शुक्रवारचा काही बसला नाही, त्या दिवशी ती आपल्या वर्गातच थांबते आणि टीचर तिला अपूर्णांकाचं कोडं देतात.

पुढचा हिशोब मात्र कोणी केलेला नाही. ह्या चालीने नववीतच तिचं दहावीचं गणित संपेल, आणि बोर्डाची परीक्षा तर दहावीतच.

पाच अपूर्णांकांचं उत्तर तिला एका शुक्रवारी सापडलं. 1/2 + 1/4 + 1/10 + 1/12 + 1/15. वहीच्या मागच्या पानावर, बसच्या चाकांच्या खालीच लिहिलंय.